टू-थ्री ट्रीच्या वाटेने रेड-ब्लॅक ट्रीमधील इन्सर्शन

रेड-ब्लॅक ट्री शिकायला घेतलेल्या बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. नियम लक्षात राहतात: रूट काळा असतो, लाल नोडची अपत्ये काळी असतात, आणि रूटपासून तळापर्यंतच्या प्रत्येक वाटेवर काळ्या नोडची संख्या सारखी असते. पण नवे मूल्य घातल्यानंतर काका लाल असेल तर अमुक करा, काका काळा असून नवा नोड आतल्या बाजूला असेल तर आधी एक रोटेशन आणि मग दुसरे करा, अशी यादी समोर येते आणि ती तशीच का आहे हे कळत नसल्यामुळे पाठांतर सुरू होते. मीही हे प्रकार आधी पाठ केले होते आणि ते दर वेळी नव्याने पाठ करावे लागत. टू-थ्री ट्री नीट समजल्यावर मात्र पुन्हा तशी वेळ आली नाही, कारण रेड-ब्लॅक ट्रीतील रंग आणि रोटेशने ही टू-थ्री ट्रीचीच दुसऱ्या लिपीत लिहिलेली भाषा आहे.

या लेखात आपण ५०, ३०, ४०, ६०, ७०, २०, १० ही सात मूल्ये याच क्रमाने आधी टू-थ्री ट्रीमध्ये आणि मग रेड-ब्लॅक ट्रीमध्ये घालणार आहोत. साधा बायनरी सर्च ट्री, म्हणजे लहान मूल्य डावीकडे आणि मोठे उजवीकडे, वाचकाला माहीत आहे असे मी गृहीत धरतो. कागद आणि दोन रंगांची पेने जवळ घेऊन प्रत्येक पायरी स्वतः काढत गेल्यास लेखाचा खरा उपयोग होईल.

पहिली पायरी: टू-थ्री ट्रीचे नियम

टू-थ्री ट्री जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी १९७० मध्ये मांडला. त्यात नोड दोन प्रकारचे असतात. टू-नोडमध्ये एक मूल्य आणि दोन अपत्ये असतात, म्हणजे तो आपला नेहमीचा बायनरी नोडच. थ्री-नोडमध्ये दोन मूल्ये आणि तीन अपत्ये असतात: दोन्हींपेक्षा लहान मूल्ये डाव्या अपत्याखाली, दोन्हींच्या दरम्यानची मधल्या अपत्याखाली आणि दोन्हींपेक्षा मोठी उजव्या अपत्याखाली जातात. याशिवाय एकच अट आहे, पण ती फार कडक आहे: सर्व पाने, म्हणजे सर्वांत खालचे नोड, एकाच पातळीवर असली पाहिजेत. एखादे पान इतरांपेक्षा एका पातळीनेही खाली गेलेले चालत नाही.

ही अट पाळायची असेल, तर नवे मूल्य आले म्हणून तळाशी नवा नोड लटकवता येणार नाही हे उघड आहे, कारण तसे करताच ती एक वाट इतरांपेक्षा लांब होईल. म्हणून टू-थ्री ट्रीमध्ये नवे मूल्य नेहमी आधीपासून असलेल्या एखाद्या पानातच जाऊन बसते. ते पान टू-नोड असेल तर त्याचा थ्री-नोड होतो आणि काम तिथेच संपते. ते आधीच थ्री-नोड असेल तर त्यात क्षणभर तीन मूल्ये होतात, ही स्थिती चालत नाही, आणि नोड फुटतो: मधले मूल्य वरच्या नोडमध्ये जाते आणि लहान व मोठे मूल्य यांचे दोन स्वतंत्र टू-नोड होतात. वरचा नोडही आधीच भरलेला असेल तर तोही त्याच पद्धतीने फुटतो, आणि फुटण्याची ही साखळी रूटपर्यंत पोचू शकते. रूट फुटला, तर मधल्या मूल्याचा नवा रूट तयार होतो आणि संपूर्ण ट्रीची उंची एकने वाढते. ट्रीची उंची वाढण्याची ही एकमेव जागा आहे. साधा बायनरी सर्च ट्री खालच्या टोकाला वाढतो, टू-थ्री ट्री वरच्या टोकाला वाढतो, आणि रूट वर सरकल्याने सर्व पाने एकदमच एका पातळीने खोल जात असल्यामुळे समतोल आपोआप टिकतो.

दुसरी पायरी: सात मूल्ये टू-थ्री ट्रीमध्ये

चौकटी कंसात एका नोडमधील मूल्ये लिहू. ५० घातल्यावर [५०] हा एकच नोड असतो. ३० त्याच नोडमध्ये जाऊन [३० ५०] असा थ्री-नोड होतो. ४० आल्यावर क्षणभर [३० ४० ५०] अशी स्थिती होते, नोड फुटतो, ४० वर जाऊन रूट होतो आणि त्याच्याखाली [३०] व [५०] राहतात.

६० उजवीकडच्या पानात जाते आणि [५० ६०] तयार होतो. ७० सुद्धा तिथेच जाते, [५० ६० ७०] फुटतो, मधले ६० वर जाऊन ४० च्या शेजारी बसते, आणि ट्री असा दिसतो:

```
      [४० ६०]
     /   |   \
  [३०]  [५०]  [७०]
```

२० डाव्या पानात जाऊन [२० ३०] होतो. शेवटचे १० हेच सर्वांत पाहण्यासारखे आहे. पानात [१० २० ३०] झाल्यामुळे ते फुटते आणि २० वर जाते, पण वर [४० ६०] हा नोड आधीच भरलेला आहे, त्यामुळे तिथे क्षणभर [२० ४० ६०] अशी तीन मूल्ये आणि खाली [१०], [३०], [५०], [७०] अशी चार अपत्ये होतात. हा नोडही फुटतो: ४० नवा रूट होतो, २० आणि ६० त्याची अपत्ये होतात, आणि चार पाने डाव्या-उजव्या क्रमाने दोघांत वाटली जातात. [१०] व [३०] हे २० कडे, तर [५०] व [७०] हे ६० कडे. सात मूल्यांचा तीन पातळ्यांचा काटेकोर समतोल ट्री तयार झाला, आणि तो घडवताना आपण पानात बसवणे आणि भरलेला नोड फोडणे या दोनच गोष्टी केल्या.

मग हाच ट्री थेट प्रोग्रॅममध्ये का लिहू नये, असा प्रश्न इथे पडणे स्वाभाविक आहे. लिहिता येतो, पण ते काम किचकट आहे. नोडचे दोन प्रकार सांभाळावे लागतात, त्यांत एकातून दुसऱ्यात रूपांतर करावे लागते, आणि फुटणारा नोड स्वतः रूट आहे, टू-नोडचे डावे किंवा उजवे अपत्य आहे, की थ्री-नोडचे डावे, मधले किंवा उजवे अपत्य आहे, अशा सहा परिस्थिती वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात. शोधण्याचे साधे फंक्शनसुद्धा नव्याने लिहावे लागते. हीच कल्पना साध्या बायनरी नोडांत बसवता आली तर हा सगळा व्याप टळतो, आणि रेड-ब्लॅक ट्री नेमके तेच करतो.

तिसरी पायरी: लाल रंग म्हणजे जोड

थ्री-नोडमध्ये दोन मूल्ये असतात आणि बायनरी नोडमध्ये एकच मावते. म्हणून थ्री-नोडसाठी दोन बायनरी नोड वापरायचे आणि ते मुळात एकच आहेत हे दाखवण्यासाठी त्यांच्यातील दुवा लाल करायचा. [४० ६०] हा नोड लिहिताना ६० वर ठेवायचा, ४० हे त्याचे डावे अपत्य करायचे आणि त्यांच्यातील दुवा लाल काढायचा. पुढील आकृतीत दुहेरी रेघ म्हणजे लाल दुवा:

```
        ६०
      //  \
     ४०    ७०
    /  \
  ३०    ५०
```

लाल दुवा आडवा करून ४० आणि ६० एका रेषेत आणून पाहा. ३०, ५०, ७० ही तिन्ही पाने पुन्हा एका पातळीवर येतात आणि आधीचा टू-थ्री ट्री जसाच्या तसा दिसतो. कागदावर हे एकदा स्वतः करून पाहण्याचा मी आग्रह धरतो, कारण पुढचे सगळे याच एका चित्रावर उभे आहे.

प्रोग्रॅममध्ये दुव्याला रंग देण्याची सोय नसते, म्हणून तो रंग खालच्या नोडमध्ये नोंदवतात. ४० लाल आहे याचा अर्थ एवढाच, की ४० आणि त्याचा पालक मिळून एक टू-थ्री नोड होतो. ६० काळा आहे याचा अर्थ, ६० पासून नवा टू-थ्री नोड सुरू होतो. रंगाचा हा अर्थ पक्का धरला की तिन्ही नियम आपोआप सुटतात. काळ्या नोडची संख्या प्रत्येक वाटेवर सारखी असते, कारण प्रत्येक टू-थ्री नोडमध्ये काळा नोड नेमका एक असतो आणि टू-थ्री ट्रीमध्ये सर्व पाने एकाच पातळीवर असतात. लाल नोडखाली लाल नोड चालत नाही, कारण तसे झाले तर एका नोडमध्ये तीन मूल्ये झाली असा त्याचा अर्थ होतो. आणि रूट काळा असतो, कारण त्याला जोडून घ्यायला वर कोणी नसतेच.

इथे आपण आणखी एक शिस्त लावून घेऊ: लाल दुवा नेहमी डावीकडेच झुकलेला असेल. [४० ६०] हा नोड ४० वर ठेवून आणि ६० उजवीकडे लाल करूनही लिहिता आला असता. एकाच नोडची दोन रूपे चालवून घेतली तर तपासण्याच्या परिस्थिती वाढतात, म्हणून एकच रूप ठरवायचे. रेड-ब्लॅक हे नाव लिओ गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांच्या १९७८ च्या निबंधातून आले, आणि डावीकडे झुकणारा हा सुटसुटीत प्रकार सेजविक यांनी २००८ मध्ये मांडला. नवशिक्याने सुरुवात याच प्रकारापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: तीन हत्यारे आणि त्यांचा टू-थ्री अर्थ

डावे रोटेशन तेव्हा करायचे, जेव्हा लाल दुवा उजवीकडे झुकलेला असेल. वरचा नोड खाली डावीकडे येतो, उजवा लाल नोड वर जातो, आणि दोघांच्या दरम्यानचा सबट्री एकाकडून दुसऱ्याकडे जातो. टू-थ्री ट्रीच्या भाषेत इथे काहीच घडलेले नसते. नोड तोच, त्यातील दोन मूल्ये तीच, तिन्ही अपत्ये त्याच क्रमाने. फक्त दोघांपैकी कोणाला वर काढायचे ते बदलले.

उजवे रोटेशन तेव्हा करायचे, जेव्हा डावीकडे लागोपाठ दोन लाल दुवे आले असतील. त्याचा अर्थ तीन मूल्ये एका नोडमध्ये कोंबली गेली आहेत आणि त्यांची उतरती रांग लागली आहे. रोटेशनने मधले मूल्य वर येते आणि उरलेली दोन त्याच्या दोन्ही बाजूंना लाल होऊन बसतात. नोडमध्ये अजूनही तीनच मूल्ये आहेत, पण आता तो फोडण्यासाठी सोयीच्या स्थितीत आला आहे.

खरे फोडण्याचे काम रंगपालट करतो. एखाद्या नोडची दोन्ही अपत्ये लाल असतील तर दोन्ही काळी करायची आणि तो नोड लाल करायचा. यात एकही दुवा हलत नाही, तीन नोडांचे रंग तेवढे बदलतात, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयात हा भाग सर्वांत देखणा वाटतो. दोन्ही अपत्ये काळी झाली म्हणजे ती आता स्वतंत्र टू-नोड झाली. मधला नोड लाल झाला म्हणजे तो त्याच्या पालकाला जोडला गेला. टू-थ्री ट्रीमध्ये आपण मधले मूल्य उचलून वरच्या नोडमध्ये टाकत होतो आणि चार अपत्यांची वाटणी करत होतो. ते सगळे काम इथे जागच्या जागी होते, कारण बायनरी रचनेत ती वाटणी आधीच झालेली असते.

नवा नोड लाल का असतो, याचे उत्तरही आता वेगळे द्यावे लागत नाही. नवे मूल्य नेहमी आधीच्या पानात जाऊन बसते, म्हणजे ते त्या पानाला जोडलेले असते, आणि जोडलेले म्हणजे लाल.

पाचवी पायरी: तीच सात मूल्ये, आता रंगांसह

५० घातले, रूट म्हणून काळे केले. ३० त्याच्या डावीकडे लाल बसले, आणि हाच [३० ५०] आहे. आता ४० येते. ते ५० पेक्षा लहान, ३० पेक्षा मोठे, म्हणून ३० चे उजवे अपत्य म्हणून लाल बसते. ३० पाशी उजवा दुवा लाल दिसतो, म्हणून डावे रोटेशन: ४० वर, ३० त्याच्या डावीकडे. वर ५० पाशी आल्यावर डावीकडे ४० लाल आणि त्याच्या डावीकडे ३० लाल असे लागोपाठ दोन लाल दिसतात, म्हणून उजवे रोटेशन: ४० वर काळे, दोन्ही बाजूंना ३० आणि ५० लाल. आता दोन्ही अपत्ये लाल, म्हणून रंगपालट: ३० आणि ५० काळी, ४० लाल. ४० रूट असल्यामुळे शेवटी ते काळे केले जाते. तिन्ही हत्यारे एकाच मूल्यासाठी लागोपाठ वापरली गेली. टू-थ्री ट्रीमध्ये मात्र तेवढ्यातच [३० ४० ५०] एकदा फुटला होता.

६० हे ५० च्या उजवीकडे लाल बसते, एका डाव्या रोटेशनने ६० वर काळे आणि ५० खाली लाल होते, आणि काम संपते. ७० हे ६० च्या उजवीकडे लाल बसते. आता ६० ची दोन्ही अपत्ये, ५० आणि ७०, लाल आहेत, म्हणून रंगपालट होऊन ६० लाल होते. ६० हे ४० चे उजवे अपत्य असल्याने ४० पाशी लाल दुवा उजवीकडे झुकलेला दिसतो, म्हणून डावे रोटेशन होते आणि ट्री तिसऱ्या पायरीतील आकृतीसारखा दिसू लागतो.

२० हे ३० च्या डावीकडे लाल बसते आणि काहीच करावे लागत नाही. १० हे २० च्या डावीकडे लाल बसते. ३० पाशी लागोपाठ दोन लाल, म्हणून उजवे रोटेशन: २० वर काळे, १० आणि ३० लाल. लगेच रंगपालट: १० आणि ३० काळी, २० लाल. हे पहिले फुटणे. आता ४० पाशी या: त्याच्या डावीकडे २० लाल, उजवीकडे ५० काळे, ४० वरून पाहता सगळे ठीक आहे. पण ४० स्वतः लाल आहे, आणि ते ६० वरून दिसते. ६० पाशी ४० आणि २० असे लागोपाठ दोन लाल, म्हणून उजवे रोटेशन: ४० वर काळे, २० आणि ६० लाल, आणि ५० हा नोड ४० कडून सुटून ६० च्या डावीकडे जातो. रंगपालटाने २० आणि ६० काळी होतात, ४० लाल होते आणि रूट म्हणून पुन्हा काळे होते. हे दुसरे फुटणे. आता सातही नोड काळे आहेत, लाल दुवा एकही नाही, आणि टू-थ्री ट्रीतही शेवटी सातही टू-नोडच उरले होते.

सहावी पायरी: प्रोग्रॅम

वरचे सगळे काम पुढील फंक्शन करते. पहिला भाग साध्या बायनरी सर्च ट्रीचा आहे; रेड-ब्लॅक ट्रीची भर शेवटच्या तीन तपासण्यांत आहे.

```python
def insert(h, key):
    if h is None:
        return Node(key, RED)
    if key < h.key:
        h.left = insert(h.left, key)
    elif key > h.key:
        h.right = insert(h.right, key)

    if is_red(h.right) and not is_red(h.left):
        h = rotate_left(h)
    if is_red(h.left) and is_red(h.left.left):
        h = rotate_right(h)
    if is_red(h.left) and is_red(h.right):
        flip_colors(h)
    return h

def rotate_left(h):
    x = h.right
    h.right = x.left
    x.left = h
    x.color = h.color
    h.color = RED
    return x
```

`rotate_right` हे याचेच आरशातील रूप आहे. `is_red` ला `None` दिल्यास त्याने `False` परत करावे. वापरताना `root = insert(root, key)` लिहून पुढच्याच ओळीत `root.color = BLACK` लिहावे. तपासण्या रिकर्शन परतताना होतात, म्हणून फुटण्याची साखळी तळाकडून वर जाण्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही. तिन्ही तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिलीचे फळ दुसरीला आणि दुसरीचे तिसरीला लागते. रंगपालट उजव्या रोटेशनच्या आधी ठेवला, तर ४० घातल्यानंतर ३० आणि ५० दोन्ही लाल राहतात आणि नोड फुटतच नाही.

सातवी पायरी: चुका कुठे होतात आणि त्या कशा ओळखाव्यात

या प्रोग्रॅममधील चुकांचा त्रासदायक गुण असा, की चुकीचा ट्रीसुद्धा शोधाची उत्तरे बरोबरच देतो. रोटेशनने मूल्यांचा क्रम बिघडत नाही. बिघडतो तो समतोल, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तपासणीचे फंक्शन आधी लिहावे आणि प्रत्येक मूल्य घातल्यावर ते चालवावे.

```python
def check(h):
    if h is None:
        return 0
    l, r = check(h.left), check(h.right)
    assert l == r
    assert not is_red(h.right)
    assert not (is_red(h) and is_red(h.left))
    return l + (0 if is_red(h) else 1)
```

पहिली `assert` ओळ सर्व पाने एका पातळीवर आहेत हे तपासते, दुसरी लाल दुवे डावीकडेच आहेत हे, आणि तिसरी कोणत्याही नोडमध्ये तीन मूल्ये अडकलेली नाहीत हे.

नमुन्यादाखल एक चूक जवळून पाहू. `rotate_left` मधील रंगाच्या दोन ओळींची अदलाबदल झाली, म्हणजे `h.color = RED` आधी आणि `x.color = h.color` नंतर लिहिले गेले, तर दोन्ही नोड लाल होतात. आपल्या सात मूल्यांपैकी पहिली तीन घातली तरी ही चूक पकडली जात नाही, कारण ४० च्या वेळी डावे रोटेशन झाले ते ३० या मुळातच लाल असलेल्या नोडपाशी, आणि तिथे दोन्ही नोड लालच असायला हवेत. चौथे मूल्य ६० आले की रोटेशन ५० या काळ्या नोडपाशी होते, ५० आणि ६० दोन्ही लाल होतात, त्या फांदीवरील एक काळा नोड नाहीसा होतो, आणि `l == r` ही ओळ लगेच थांबवते. याउलट, रूट काळा करायला विसरल्यास चूक दुसऱ्याच मूल्याला सापडते: ५० लाल, त्याखाली ३० लाल, आणि लागोपाठचे दोन लाल ज्याच्यावरून दिसले असते असा पालकच नाही.

सात मूल्यांनंतर १ ते ७ चढत्या क्रमाने, मग उतरत्या क्रमाने घालून पाहावे. चढत्या क्रमाने घातल्यावर ४ रूट असलेला, सातही नोड काळे असलेला ट्री मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर टू-थ्री ट्री कागदावर काढून एकेका मूल्यानंतर दोन्हींची तुलना करावी. पहिला फरक जिथे दिसेल तिथेच चूक असते.

उंचीचा हिशेबही याच जोडीवरून निघतो. दहा लाख मूल्यांचा टू-थ्री ट्री सर्व थ्री-नोडांच्या बाजूने पाहता किमान १३ आणि सर्व टू-नोडांच्या बाजूने पाहता जास्तीत जास्त १९ पातळ्यांचा असतो. रेड-ब्लॅक रूपात प्रत्येक काळ्या नोडखाली फार तर एक लाल येऊ शकतो, म्हणून सर्वांत लांब वाट ३८ नोडांच्या पुढे जात नाही.

आठवी पायरी: पुस्तकातले काका-प्रकार

बहुतेक पाठ्यपुस्तकांत आणि जावाच्या `TreeMap` मध्ये असलेला रेड-ब्लॅक ट्री डावीकडे झुकण्याची शिस्त पाळत नाही, आणि त्याची जोडी टू-थ्री-फोर ट्रीशी लागते, म्हणजे ज्याच्या नोडमध्ये तीनपर्यंत मूल्ये चालतात अशा ट्रीशी. फरक एवढाच, की तिथे तीन मूल्ये झाल्यावर नोड लगेच फुटत नाही. चौथे मूल्य आत शिरू लागले की फुटतो.

आता काकाचा अर्थ लावता येतो. नवा लाल नोड लाल पालकाखाली बसला आणि काका, म्हणजे पालकाचे भावंड, काळा किंवा रिकामा असेल, तर आजोबांच्या नोडमध्ये आधी दोनच मूल्ये होती आणि आता तीन झाली. जागा आहे, फुटण्याची गरज नाही, फक्त मधले मूल्य वर काढून मांडणी नीट करायची: नवा नोड बाहेरच्या बाजूला असेल तर एका रोटेशनने, आतल्या बाजूला असेल तर दोन रोटेशनांनी. काम तिथेच थांबते. काका लाल असेल, तर आजोबांच्या नोडमध्ये आधीच तीन मूल्ये आहेत: आजोबा, पालक आणि काका. चौथ्याला जागा नाही, म्हणून नोड फुटतो: पालक आणि काका काळे, आजोबा लाल. हा तोच रंगपालट आहे, आणि आजोबा लाल झाल्यामुळे त्यांच्या वर पुन्हा तपासावे लागते, जसे टू-थ्री ट्रीमध्ये मधले मूल्य वर गेल्यावर तपासावे लागत होते.

आपल्याच मूल्यांवर हे पाहा. पाठ्यपुस्तकी पद्धतीत ४० घातल्यावर ते आतल्या बाजूला असते आणि काका नसतो, म्हणून दोन रोटेशने होऊन ४० काळे आणि ३०, ५० लाल राहतात, आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. [३० ४० ५०] हा नोड न फुटता तसाच राहिलेला असतो. पुढे ६० हे ५० खाली लाल बसते, काका ३० लाल सापडतो, आणि आपल्या ट्रीमध्ये ४० च्या वेळी झालेला रंगपालट इथे एका मूल्याने उशिरा होतो: ३० आणि ५० काळी, ४० लाल होऊन रूट म्हणून पुन्हा काळे, आणि ६० हे ५० च्या उजवीकडे लालच राहते.